संगणकाचा पंखा सारखा का चढतो-उतरतो?

ब्राउझरमध्ये एक नवी टॅब उघडली की टेबलाखालचा संगणक घूंऽऽ करून उठतो. चार-पाच सेकंदांत गप्प होतो. एखादी फाइल उघडली की पुन्हा तेच. सुटे भाग घेऊन जुळवलेल्या संगणकांबद्दलची ही अगदी नेहमीची तक्रार. पहिला संशय धुळीवर जातो, दुसरा पंख्यावर, आणि मग कुणीतरी नवा, महागाचा पंखा आणायला सुचवतं. तो लावल्यावरही घूंऽऽ काही जात नाही. जाणार कसं? पंखा सांगितल्या कामाचा. त्याला हुकूम सोडतो तो मदरबोर्ड, आणि किती तापमानाला किती वेग हे मदरबोर्ड बायोसमधल्या एका छोट्या आलेखावरून ठरवतो.

या आलेखाला फॅन कर्व्ह म्हणतात. तो बदलायला पैसे लागत नाहीत, विंडोजमध्ये काही टाकावंही लागत नाही, कारण मदरबोर्डवरची एक स्वतंत्र चिप हे काम परस्पर करत असते. मात्र आलेखाला हात लावण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते: मदरबोर्डाचा हुकूम पंख्यापर्यंत पोचतोय का?

तीन वायरी, चार वायरी

मदरबोर्डवर पंख्याची वायर जिथे खोचतात त्या पिनांच्या रांगेला हेडर म्हणतात. शेजारी बारीक अक्षरांत त्याचं नाव छापलेलं असतं. प्रोसेसरवरच्या पंख्यासाठी CPU_FAN, कॅबिनेटच्या पंख्यांसाठी CHA_FAN किंवा SYS_FAN, आणि पाण्याने थंड करणाऱ्या कूलरच्या पंपासाठी PUMP_FAN किंवा AIO_PUMP.

तीन वायरींच्या पंख्यात एक वायर ग्राउंडची, दुसरी १२ व्होल्टची आणि तिसरी टॅकोची असते. टॅकोच्या वायरीवरून पंखा आपला वेग कळवतो. एका फेऱ्याला दोन स्पंद, असा हिशेब. पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला वीस फेरे झाले, म्हणजे चाळीस स्पंद. ते मोजून बोर्ड पडद्यावर 1200 RPM दाखवतो. चार वायरींच्या पंख्यात याच तीन वायरी असतात आणि चौथी नियंत्रणाची. रंगांवर मात्र फार विसंबू नये. तीन वायरींच्या अनेक पंख्यांत पिवळी वायर टॅकोची असते, तर इंटेलच्या चार वायरींच्या पद्धतीत पिवळी १२ व्होल्टची, हिरवी टॅकोची आणि निळी नियंत्रणाची. हल्लीच्या बऱ्याच पंख्यांत तर सगळ्याच वायरी काळ्या. खरी खूण प्लगच्या खाचेची. ती हेडरच्या उभ्या पट्टीवर बसली की वायरी योग्य जागी गेल्या.

तीन वायरींच्या पंख्याचा वेग कमी करायचा तर त्याला मिळणारा विद्युतदाब कमी करायचा, हा एकच मार्ग. बारा व्होल्टला पूर्ण वेग, सात व्होल्टला त्याहून कमी, पाच व्होल्टला आणखी कमी. याला बायोसमध्ये DC म्हणतात. पद्धत साधी, पण तिला खालून मर्यादा आहे. फिरता पंखा साडेचार व्होल्टवरही फिरत राहील, पण थांबलेल्या पंख्याला पहिला धक्का द्यायला त्याहून जास्त दाब लागतो. बरेच पंखे पाच व्होल्टच्या खाली सुरूच होत नाहीत.

दुसरी पद्धत पीडब्ल्यूएम. तिची सवय इंटेलच्या बोर्डांमुळे सगळ्यांना लागली. पेंटियम ४ च्या उत्तरार्धात प्रोसेसर फार तापू लागले होते आणि पंख्यांवर बारीक ताबा हवा होता. इंटेलने चार वायरींच्या पंख्यांचं मानक तयार केलं. त्याची सप्टेंबर २००५ ची आवृत्ती आजही आधाराला घेतली जाते. या पद्धतीत १२ व्होल्ट कायम चालू राहतात. चौथ्या वायरीवरून बोर्ड सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंदचा इशारा पाठवतो. त्यातला जेवढा वेळ इशारा चालू, तेवढ्या प्रमाणात पंख्यातली छोटी चिप मोटरच्या गुंडाळ्यांना वीज देते. तीस टक्के वेळ चालू म्हणजे पडद्यावरचे 30%.

पंचवीस हजारच का? माणसाच्या कानाची हद्द वीस हजारांच्या आसपास संपते. याहून कमी वारंवारतेने वीज तोडली-जोडली तर मोटरच्या गुंडाळ्याच टिकटिक किंवा गुणगुण करू लागतात. शिवाय पूर्वी काही ठिकाणी पंख्याची मुख्य वीजच अशी तोडली जाई. मग वीज गेली की टॅकोचा सेन्सरही बंद पडे आणि वेगाचे आकडे भलतेच येत. चौथ्या वायरीने दोन्ही प्रश्न मिटवले. पंख्याची चिप कायम जागी राहते आणि फक्त गुंडाळ्यांची वीज तुटते. त्यामुळेच चांगले पीडब्ल्यूएम पंखे ४००-५०० आरपीएमवरही न अडखळता फिरतात.

प्लग बसला, हुकूम पोचला नाही

प्लगची रचना अशी केलेली आहे की तीन वायरींचा पंखा चार पिनांच्या हेडरवर बसतो आणि चार वायरींचा तीन पिनांच्या हेडरवरही. ही सोय आहे, पण गोंधळाचं मूळही इथेच आहे.

तीन वायरींचा पंखा चार पिनांच्या हेडरवर लावला आणि बायोसमध्ये त्या हेडरचा मोड PWM राहिला, तर पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो. बोर्ड चौथ्या पिनेवर इशारे पाठवत बसतो, पण पंख्याला चौथी वायरच नाही. त्याला दिसतात फक्त बारा व्होल्ट. आलेख कितीही खाली ओढला तरी वेग जागचा हलत नाही. उपाय एकच, त्या हेडरचा मोड DC करणे.

उलट बाजूने, पीडब्ल्यूएम पंख्याला चौथ्या वायरीवर काहीच इशारा आला नाही तर मानकानुसार त्याने पूर्ण वेगाने फिरायचं असतं. नियंत्रण तुटलं तरी प्रोसेसर जळू नये, म्हणून ही तरतूद. असा पंखा DC मोडमध्ये लावला तर दाब घटेल तसा त्याचाही वेग घटतो, पण खालच्या टोकाला तो अडखळू शकतो, कारण आतल्या चिपला पुरेसा दाब मिळत नाही.

बहुतेक बोर्डांत Auto असा तिसरा पर्यायही असतो. तो पंखा ओळखायचा प्रयत्न करतो आणि बहुधा बरोबर ओळखतो. तरी खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे. बायोसमध्ये त्या पंख्याचा वेग हाताने ४० टक्क्यांवर ठेवायचा आणि अर्धा मिनिट थांबायचं. RPM चा आकडा उतरला तर मोड बरोबर. आकडा तसाच राहिला तर मोड बदलून पुन्हा पाहायचं. दोन्ही मोडमध्ये आकडा ढिम्म राहिला किंवा शून्यच दिसला, तर पंखा त्या हेडरला जोडलेलाच नाही.

हे शेवटचं आपल्याकडे वारंवार दिसतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून असो वा गावातल्या दुकानातून, स्वस्त कॅबिनेटसोबत आलेल्या रंगीत दिव्यांच्या पंख्यांना पुष्कळदा मोलेक्स, म्हणजे पूर्वी हार्ड डिस्कला लागायचा तसा मोठा चार पिनांचा प्लग असतो. तो थेट पॉवर सप्लायला जोडला जातो. अशा पंख्याचा आणि मदरबोर्डाचा काहीच संबंध येत नाही. बायोसमध्ये काहीही केलं तरी तो आपला बारा व्होल्टवर फिरत राहतो. कॅबिनेटचा आवाज प्रोसेसरच्या कामाप्रमाणे चढ-उतार न करता कायम एकसारखा मोठा येत असेल, तर आधी झाकण उघडून हे पाहावं.

आलेखाचा खालचा भाग सपाट हवा

आता मूळ तक्रारीकडे. घूंऽऽ का होतं? आजचे प्रोसेसर एखादं छोटं काम आलं तरी एखाद्या कोअरचा वेग क्षणात वर नेतात, काम उरकतात आणि खाली येतात. रायझन मालिकेत हे फार ठळक दिसतं. टॅब उघडली की चिपवरचं तापमान सेकंदाच्या आत ४५ वरून ६० अंशांवर जातं आणि तितक्याच झटक्यात परत येतं. बोर्डासोबत आलेला आलेख बहुतेकदा ४० अंशांपासूनच चढायला लागतो. साहजिकच दर उसळीला पंखा वर जातो.

या पळापळीने काही थंडही होत नाही. जाड बुडाच्या तव्याखाली गॅस दोन सेकंद मोठा केला म्हणून तवा तापत नाही, तसंच तांब्या-ॲल्युमिनियमचा कूलर अशा एका उसळीने तापत नाही. उसळी चिपच्या आत असते. ती वर येऊन कूलरच्या पात्यांपर्यंत पोचायच्या आत संपलेली असते, आणि पंखा वारा घालतो तो या पात्यांवर. कानाचंही तसंच आहे. एकसारखा मंद आवाज थोड्या वेळात लक्षातून जातो, चढता-उतरता आवाज मात्र प्रत्येक वेळी लक्ष वेधून घेतो.

म्हणून शांत आलेखाचा पहिला नियम असा: रोजच्या कामातल्या उसळ्या जिथवर जातात, तिथवर आलेख सपाट ठेवायचा. त्यानंतर चढ, आणि प्रोसेसरच्या मर्यादेच्या थोडं अलीकडे पूर्ण वेग.

एक उदाहरण घेऊ. प्रोसेसर रायझन ५ ५६००, त्याची एएमडीने दिलेली कमाल मर्यादा ९० अंश सेल्सिअस. त्यावर एका पंख्याचा उभा कूलर, पंखा १२० मिलिमीटरचा, पीडब्ल्यूएम, कमाल १५०० आरपीएम. खोलीत ३० अंश. रिकाम्या वेळी तापमान ४२ ते ४८, उसळ्या साठपर्यंत.

बायोसमध्ये शिरायला संगणक सुरू होताना Delete किंवा F2 दाबायची. आलेखाच्या पानाचं नाव कंपनीगणिक वेगळं. एसूसमध्ये Q-Fan, गिगाबाइटमध्ये Smart Fan, एमएसआयमध्ये Hardware Monitor, एएसरॉकमध्ये Fan-Tastic Tuning. आत गेल्यावर मोड PWM आणि तापमानाचा स्रोत CPU निवडायचा. मग हे चार बिंदू:

४० अंशांना ३० टक्के
६२ अंशांना ३० टक्के
७५ अंशांना ५५ टक्के
८५ अंशांना १०० टक्के

तीस टक्क्यांवर हा पंखा साधारण पाचशे आरपीएमच्या आसपास राहील आणि बंद कॅबिनेटमधून जवळजवळ ऐकूच येणार नाही. पहिले दोन बिंदू एकाच पातळीवर असल्यामुळे साठपर्यंतच्या उसळ्या पंख्याला कळतच नाहीत. गेम खेळताना तापमान ७२ वर स्थिरावलं तर पंखा ४९ टक्क्यांवर येईल, म्हणजे कमाल वेगाच्या निम्म्यावर. हा निम्मा वेग कानाला निम्म्याहून बराच कमी वाटतो. पंख्यांच्या आवाजाचा ढोबळ नियम सांगतो की वेग निम्मा झाला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि दहा डेसिबलचा फरकसुद्धा कानाला ‘अर्धा आवाज’ असा जाणवतो. नुसता वीस टक्के वेग कमी केला तरी जवळपास पाच डेसिबल वाचतात. हवा मात्र वेगाच्या प्रमाणातच घटते, त्याहून जास्त नाही.

यासोबत आणखी एक सेटिंग असतं. तापमान बदललं तरी किती वेळाने प्रतिसाद द्यायचा, ते ठरवणारं. एसूस आणि एमएसआय ते Step Up आणि Step Down अशा नावांनी देतात. गिगाबाइटचं Temperature Interval वेगळ्या रीतीने तेच साधतं: तापमान ठरावीक अंशांनी हलल्याशिवाय वेग बदलायचा नाही. वर चढण्याला काही सेकंदांचा विलंब आणि उतरण्याला त्याहून जास्त, असं ठेवलं की उरलासुरला चढ-उतारही मावळतो. या विलंबाने प्रोसेसरला धोका होत नाही. मर्यादा आली तर तो पंख्याची वाट न पाहता स्वतःच आपला वेग कमी करतो.

आता कॅबिनेटचे पंखे. समजा पुढे तीन वायरींचे दोन आहेत, कमाल १२०० आरपीएमचे. मोड DC. इथे आधी त्यांची खालची हद्द शोधायची. हाताने ६० टक्क्यांपासून पाच-पाच टक्के खाली यायचं आणि दर वेळी थांबून RPM पाहायचं. चाळीस टक्क्यांवर, म्हणजे ४.८ व्होल्टला, पंखा थांबला असं धरू. मग पन्नास टक्के, म्हणजे ६ व्होल्ट, हा तळ ठेवायचा. थांबलेला पंखा पुन्हा सुरू होण्याइतकी सोय त्यात राहते. खात्रीसाठी संगणक एकदा झोपवून, म्हणजे स्लीपमध्ये टाकून, परत जागा करावा. स्विच दाबून सुरू करताना बरेच बोर्ड पंख्यांना क्षणभर पूर्ण दाब देतात, त्यामुळे ही चूक तेव्हा झाकली जाते.

याच पंख्यांबाबत बायोसची एक मोठी मर्यादा आड येते. गेम खेळताना कॅबिनेटमधली सगळ्यात जास्त उष्णता ग्राफिक्स कार्डाची असते, आणि बायोसला सहसा ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसत नाही. पंखे CPU च्या तापमानावर ठेवले तर ते प्रोसेसरच्या उसळ्यांमागे धावतात. मदरबोर्डाच्या सेन्सरवर ठेवले तर शांत राहतात, कारण तो सेन्सर सावकाश तापतो. पण ग्राफिक्स कार्ड गरम झाल्याचं त्यांना उशिरा कळतं. शांततेसाठी दुसरा पर्याय बरा. तळ थोडा उंच, ५० ते ५५ टक्के, आणि मदरबोर्डाचं तापमान ४५ अंशांपुढे गेलं की हळू चढ. जड गेम रोज खेळणाऱ्यांना मात्र विंडोजमधला एखादा पंखे-नियंत्रक प्रोग्राम घेऊन ग्राफिक्स कार्डाचं तापमान जोडावं लागतं.

मे महिन्याचा हिशेब

आलेख बसवल्यावर त्याची परीक्षा घ्यायची. सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवून HWiNFO मध्ये तापमान पाहायचं. दहा मिनिटांच्या शेवटी ७८-८० अंशांवर ते स्थिरावलं असेल तर आलेख ठीक आहे. ९० ला टेकून प्रोसेसरचा वेग घसरत असेल तर प्रश्न आलेखाचा नाही, कारण ८५ अंशांनाच पंखा पूर्ण वेगाला पोचलेला असतो. कूलर नीट दाबून बसलेला नाही, थर्मल पेस्ट वाळली आहे किंवा पात्यांत धूळ अडकली आहे.

परीक्षा कोणत्या महिन्यात घेतली, यालाही महत्त्व आहे. कूलर चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त दोन्हींतलं अंतर राखतो. त्यामुळे त्याच कामाला, त्याच वेगाला, खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास दहा अंशांनी तापते. जानेवारीत पुण्यात २२ अंशांच्या खोलीत बसवलेला आलेख मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात, कूलरशिवायच्या ३८-४० अंशांच्या खोलीत, साधी टॅब उघडतानाही ६२ ची रेघ ओलांडेल आणि घूंऽऽ परत येईल. अशा घरांत सपाट भाग ६७-६८ पर्यंत न्यावा, किंवा उन्हाळ्यासाठी वेगळं प्रोफाइल साठवून ठेवावं.

फार शांत पंख्यामुळे एक चमत्कारिक अडचणही येते. संगणक सुरू होतानाच थांबतो आणि पडद्यावर `CPU Fan Error` येतं. पंखा तर डोळ्यांसमोर फिरत असतो. काही बोर्डांत ‘इतक्या आरपीएमखाली पंखा बिघडला असं समजावं’ अशी मर्यादा असते आणि ती ६०० वर असू शकते. पाचशेवर फिरणारा पंखा मग बोर्डाला बिघडलेला वाटतो. एसूसच्या बोर्डांवर CPU Fan Speed Lower Limit या नावाखाली ती २०० पर्यंत खाली आणता येते. Ignore हा पर्यायही तिथेच असतो, पण तो निवडला की पंखा खरोखर बंद पडला तरी बोर्ड चकार शब्द काढत नाही. CPU_FAN वर काहीच जोडलेलं नसेल, सगळे पंखे हबवर असतील, तेव्हाच तो वापरावा. पाण्याच्या कूलरच्या पंपाला तर हा सगळा खेळ लागू करू नये. पंपाची वायर PUMP_FAN वर, आणि उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर तिथे पूर्ण वेग.

सगळं जमल्यावर आधी आलेखाच्या पानावर F12 दाबायची आणि मग F10 दाबून, साठवून बाहेर पडायचं. बहुतेक बोर्ड लावलेल्या पेन ड्राइव्हवर त्या पानाचं चित्र काढून ठेवतात. ड्राइव्ह FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. पुढे बायोस अपडेट केलं किंवा मदरबोर्डावरचा छोटा सेल संपला की ही सेटिंग्ज पुसली जातात, आणि चार बिंदू पुन्हा भरायला ते चित्र लागतं.